वास आला की आधी पंखा?

"ताई, गॅसचा वास आला की आधी एक्झॉस्ट फॅन लावायचा ना?"

नाही, बटणाला हातच लावू नका. चालू असेल तर बंदही करू नका. बटण दाबताना आत ठिणगी उडते. एरवी, वास नसताना, रात्री अंधारात दाबून पाहा, कधीकधी ती निळसर दिसते. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, ओट्याखाली जमिनीलगत साचतो. ऐरोलीतल्या आपल्या बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरांत तर मला याचीच धास्ती वाटते.

आधी देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवा. मग शेगडीची बटणं, रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि तिथूनच १९०६ ला फोन लावा.