शुक्रवारी दुपारी चारला सर्व्हर गेला तर?
पतसंस्थांच्या व्यवस्थापकांसाठी माहितीपत्रक

सायबर सुरक्षेचं कोटेशन संचालक मंडळाच्या सभेत अडकतं, हे आम्ही दरवर्षी पाहतो. कागदावर फायरवॉल, डीआर साइट असे शब्द आणि पुढे लाखांचे आकडे. समोर दुकानदार, बागायतदार, निवृत्त शिक्षक. ते विचारतात, "गेल्या वर्षी काय बिघडलं होतं?" काहीच बिघडलेलं नसतं, आणि विषय पुढच्या सभेवर जातो.

कोटेशन बाजूला ठेवून आधी हा हिशेब मांडा. समजा, चार शाखा आणि दिवसाला ७०० व्यवहार. शुक्रवारी दुपारी चारला रॅन्समवेअर या खंडणीखोर व्हायरसने सर्व्हरवरच्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्या. गुरुवार रात्रीचा बॅकअप हाताशी असेल, तर फक्त शुक्रवारची व्हाउचरं पुन्हा भरायची. एक कारकून तासाला ४० नोंदी करतो असं धरलं, तर चौघांचं साडेचार तासांचं काम. एक संध्याकाळ गेली.

पण अनेक ठिकाणी बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरलाच कायम जोडलेली असते. मग तीही कुलूपबंद होते. शेवटची सुटी प्रत गेल्या शनिवारची असेल तर पाच दिवसांचे ३,५०० व्यवहार भरावे लागतील. चौघांना सुमारे २२ तास, म्हणजे जवळपास तीन दिवस. तोवर खातेदाराला शिल्लक सांगता येत नाही आणि ठेव मोडायला आलेल्याला थांबवावं लागतं. बाहेर काय चर्चा होईल, ते संचालकांना आपण सांगायची गरज नाही.

आता त्यांना दोनच प्रश्न विचारा. किती दिवसांच्या नोंदी हाताने भरणं चालेल? काउंटर किती वेळ बंद चालेल? उत्तरं इतिवृत्तात नोंदवा, खर्च त्यावरूनच ठरतो. 'एक दिवस' असं उत्तर आलं तर क्षणोक्षणी प्रत करणारी महागडी यंत्रणा तुम्हाला नको (आमचंच नुकसान, पण खरं तेच). रोज रात्री आलटूनपालटून काढून ठेवायच्या दोन-तीन डिस्क, दुसऱ्या शाखेत एक प्रत आणि एक तयार पर्यायी सर्व्हर, एवढ्यावर भागतं.

मात्र बॅकअप उतरवायची तालीम केल्याशिवाय हे आकडे सभेत सांगू नका. एका संस्थेत बॅकअप पर्यायी सर्व्हरवर तासाभरात उतरला, पण सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या मशिनला बांधलेला होता. नवा मिळेपर्यंत दीड दिवस गेला.

बॅकअपमुळे काम पुन्हा सुरू होतं, चोरीला गेलेली माहिती परत येत नाही. चोरी टाळण्यासाठी पासवर्ड, अपडेट आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण ही तरतूद वेगळी दाखवा. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावं लागतं, हा २०२२चा निर्देश आहे. कोण कळवणार, त्याचं नाव त्याच ठरावात घाला.