मंजनीक (ट्रेब्युशे)

तटबंदीवर दगड फेकणारे वेढ्याचे यंत्र. अरबी-फार्सी ग्रंथांत ‘मंजनीक’ हे नाव अशा सर्वच यंत्रांना सरसकट लावलेले असल्याने, मजकुरात कोणते यंत्र अभिप्रेत आहे हे अनेकदा ठरवता येत नाही.

ग्रीक-रोमन कॅटापुल्टमध्ये ऊर्जा पिळाच्या दोरांत साठे. स्नायुतंतू किंवा केसांच्या जाड जुडग्यात दांडा अडकवून जुडगे पिळत. दमट हवेत हे दोर सैल पडत आणि मारा कमी होई. वजनाच्या मंजनिकात ऊर्जा साठते ती उचललेल्या वजनात. पावसाने वजन कमी होत नाही, हा तिचा मोठा फायदा.

या यंत्राचे आद्य रूप माणसांनी ओढायचे होते. ते चीनमध्ये सुमारे इ. स. पू. चौथ्या शतकात आणि भूमध्य सागरी प्रदेशात इ. स. सहाव्या शतकाच्या अखेरीस दिसते. ७१२ च्या सुमारास सिंधमधील देबल बंदराच्या वेढ्यातील ‘अरूस’ (वधू) नावाच्या मंजनिकाला ५०० माणसे लागत, असे अरबी साधने सांगतात. ते याच जातीचे असावे. वजनाची मंजनीक बहुधा बाराव्या शतकातील. तिचा उगम काही अभ्यासक बायझंटाइन सैन्यात मानतात, परंतु त्यांचा पुरावा वेढ्यांच्या वर्णनांतून काढलेला आहे. सलाउद्दीनसाठी सुमारे ११८७ मध्ये अत्-तरसूसीने लिहिलेल्या ग्रंथात मात्र दगडांनी भरलेल्या जाळ्याचे वजन लावलेले यंत्र आकृतीसह येते. म्हणून निश्चित आरंभबिंदू म्हणून तोच धरणे अधिक सुरक्षित.

दांड्याच्या आखूड टोकाला वजनाची पेटी आणि लांब टोकाला गोफण असते. समजा, ६,००० किग्रॅ.ची पेटी रहाटाने ३ मी. उचलली, तर सुमारे १,७६,००० जूल ऊर्जा साठते. एक माणूस सतत ७५ वॉट शक्ती लावू शकतो असे धरल्यास ही सुमारे ४० मिनिटांची मेहनत होते. दहा जणांना घर्षण वगळता चार मिनिटे पुरतात. खटका सुटताच हीच ऊर्जा काही क्षणांत बाहेर पडते. तिच्यातली निम्मी १०० किग्रॅ.च्या दगडाला मिळाली, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४२ मी. आणि पल्ला, हवेचा विरोध सोडून, सुमारे १८० मी. होतो.

उरलेली ऊर्जा कुठे जाते हे पेटीकडे पाहून कळते. दगड सुटतेवेळी पेटी तळाशी जवळजवळ थबकली असेल, तर ऊर्जा दगडात उतरली. ती जोरात झुलत राहिली किंवा सांगाडा हादरला, तर तेवढी वाया गेली. पेटी दांड्याला घट्ट न जोडता बिजागरीने लटकवली की ती सरळ खाली येते व धक्के कमी बसतात.

गोफणीची एक दोरी दांड्याला बांधलेली असते, दुसरीची कडी टोकावरच्या आकड्यात अडकवतात. आकडा फार वाकडा असेल, तर कडी उशिरा निसटते आणि दगड समोर जवळच जमिनीत रुततो. फार सरळ असेल, तर दगड लवकर सुटून उंच जातो, कधी मागे आपल्याच माणसांवर पडतो. आकडा बसला की मग दगड एकाच वजनाचे घडवून घ्यावे लागतात. एरवी तटाच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा मारा बसत नाही.