चेहरा नव्हे, शेजारची पट्टी

चीनच्या वायव्येला, वाळवंटाच्या कडेला दुनहुआंगजवळ मोगाओची लेणी आहेत. त्यातल्या ९८ क्रमांकाच्या लेण्यात पूर्वेच्या भिंतीवर एक राजा रंगवलेला आहे. उंची जवळजवळ तीन मीटर. डोक्यावर मण्यांच्या माळा सोडलेला सपाट माथ्याचा मुकुट, अंगात रुंद बाह्यांचा, ड्रॅगनची नक्षी असलेला झगा. चेहरा आणि पोशाख एवढंच पाहिलं तर कोणीही म्हणेल, हा चीनचा सम्राट.

पण चित्राशेजारी एक उभी पट्टी आहे. लेण्यासाठी दान देणाऱ्यांची चित्रं भिंतीवर काढायची आणि प्रत्येकाच्या शेजारी अशी पट्टी रंगवून तिच्यावर शाईने त्याची ओळख लिहायची, ही तिथली रीत होती. या पट्टीवरचा मजकूर साधारण असा आहे : ‘महान राजवटीच्या, महारत्न खोतान देशाचे महापवित्र, महातेजस्वी स्वर्गपुत्र, हेच या लेण्याचे धनी.’ म्हणजे हा चीनचा सम्राट नाही, तकलामकान वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या खोतानचा राजा आहे. चिनी कागदपत्रांत त्याचं नाव ली शंगत्यान. खोतानी भाषेतलं त्याचं नाव होतं विशा संभव, आणि त्यातला ‘संभव’ आपल्याला ओळखीचा वाटतो तो थेट संस्कृतातून तिथे पोचला म्हणून. चित्रकाराने त्याला चिनी सम्राटाचा थाट दिला, कारण राजा म्हणजे कसा दिसतो याचा साचा ठरलेला होता. दात्यांच्या रांगांमध्येही असेच साचे दिसतात : एकाच घरच्या दहा बायका शेजारी शेजारी उभ्या असल्या तरी त्यांचे गोल चेहरे जवळपास सारखेच असतात.

पट्टी नावापलीकडेही बरंच सांगते. ‘महारत्न खोतान देशाचा राजा’ ही पदवी चीनच्या उत्तरकालीन जिन घराण्याच्या दरबाराने ली शंगत्यानला ९३८ साली दिली. ‘महारत्न’ हा शब्द पट्टीवर आहे, म्हणजे ही ओळ त्यानंतरच लिहिली गेली असणार. लेणं मात्र दुनहुआंगचा सत्ताधीश त्साओ यीजिन याच्या काळात कोरलं गेलं, आणि तो ९३५ मध्येच वारला होता. त्याची मुलगी खोतानच्या या राजाला दिलेली. तेव्हा अभ्यासकांनी जोडलेला धागा असा : जावयाचं चित्र सासऱ्याच्या लेण्यात मागाहून, ९४० च्या सुमारास घातलं गेलं. ‘हेच लेण्याचे धनी’ हे शब्द म्हणूनच जसेच्या तसे खरे मानता येत नाहीत. पट्टी माणूस कोण ते सांगते. तिच्यातला दावा मात्र घराण्याच्या इतर चित्रांशी आणि कागदपत्रांशी ताडून बघावा लागतो.

पट्टी नसली की काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक रंगवलेत. त्यांच्याजवळ कुठलाही लेख नाही. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये चेहरे आणि पोशाख पाहून मांडलं, की हा इराणचा बादशहा खुसरो आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यांच्यातल्या भेटीगाठींचा प्रसंग आहे. पण पुलकेशी सातव्या शतकातला, आणि आज बहुतेक अभ्यासक हे लेणं पाचव्या शतकातलं मानतात. ज्यांचा जन्मही झालेला नव्हता त्यांची नावं या चित्राला चिकटली, आणि अजूनही ती पुरती सुटलेली नाहीत. त्याच अजिंठ्यात जिथे बुद्धाच्या चित्राजवळ ‘देयधर्मोयं’, म्हणजे ‘हे अमक्याचं दान’, अशी रंगाने लिहिलेली ओळ सापडते, तिथे दाता कोण यावर अंदाज बांधावा लागत नाही.

अडचण एवढीच, की शाई भिंतीपेक्षा लवकर जाते. फ्रेंच अभ्यासक पॉल पेलिओ यांनी १९०८ मध्ये मोगाओत वहीत उतरवून घेतलेल्या काही ओळी आज भिंतीवर वाचता येत नाहीत, त्यामुळे त्या वह्या हाच आता आधार. काजळीची शाई अवरक्त प्रकाश शोषून घेते आणि गेरूसारखा लाल रंग त्या प्रकाशात उजळ दिसतो, म्हणून अवरक्त छायाचित्रात लाल पट्टीवरची पुसट अक्षरं कधी कधी पुन्हा वर येतात. अर्थात मुळात लिहिलेलं असेल तर. कित्येक पट्ट्या रंगवल्या गेल्या, पण त्यांवर नाव कधी लिहिलंच गेलं नाही.

खोतानच्या राजाची राणीही त्याच भिंतीवर आहे, रत्नांनी मढवलेला मुकुट घालून. तिच्या पट्टीवर लांबलचक पदव्या आहेत, आणि शेवटी ‘त्साओ घराण्यातली, एकाग्र मनाने पूजा अर्पण करते’. माहेरचं घराणं आहे, नवऱ्याचं राज्य आहे; तिचं स्वतःचं नाव त्या पट्टीवर नाही.