अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकू की नेस्ट करू?

शिमग्याचं एडिट घेऊन बसलं की टाइमलाइन सात-आठ ट्रॅकची होतेच. पालखी नाचवतानाचे दोन-तीन कॅमेरे, ड्रोन, वर गावाच्या नावाची टायटल्स, आणि मग इथली पोरं विचारतात की पसारा आवरायला अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकू का नेस्ट करू. दोन्हीत एकदाच इफेक्ट टाकला की तो बऱ्याच क्लिपना लागतो म्हणून सारखंच वाटतं, पण काम वेगळंय.

प्रीमियरमधला अ‍ॅडजस्टमेंट लेयर काही बांधत नाही, तो नुसता वर पसरतो, आणि तो जेवढा लांब तेवढ्या भागात खालच्या सगळ्या ट्रॅकवर त्याचा इफेक्ट दिसतो. म्हणून पूर्ण फिल्मचा कलर लूक इथेच टाका, व्हिडिओच्या वर पण टायटलच्या खाली, नाहीतर टायटलचा पांढरा पण पिवळट होतो. मात्र एका कॅमेऱ्यात लाल माती केशरी दिसतेय नि दुसऱ्यात तपकिरी, तर ते मॅचिंग आधी त्या त्या क्लिपवरच करायचं, कारण लेयर सगळ्यांना एकाच मापाने रंगवतो आणि फरक तसाच राहतो. शेवटचा शॉट अचानक फिका पडला तर समजा लेयर आधीच संपलाय.

नेस्टमध्ये क्लिप खरोखर एका आतल्या सिक्वेन्समध्ये जातात आणि बाहेर एकच क्लिप उरते. याची खरी गरज कुठे, तर पालखीबरोबर धावत हातात कॅमेरा धरून घेतलेला शॉट समजा, तो ५०% स्लो केलाय आणि आता स्थिर पण करायचाय. एकाच क्लिपवर स्पीड बदल आणि Warp Stabilizer चालत नाही, प्रीमियर सरळ एरर देतं. इथे अ‍ॅडजस्टमेंट लेयर कामाचा नाही. आधी स्पीड कमी करा, मग क्लिपवर राइट क्लिक करून Nest, नीट नाव द्या (Nested Sequence 14 असं ठेवलंत तर नंतर शोधत बसाल), आणि त्या नेस्टवर स्टॅबिलायझर टाका.

नेस्टचा सगळ्यात मोठा घोळ कॉपीत होतो. तोच नेस्ट सुरुवातीला आणि शेवटी वापरला आणि शेवटच्यासाठी आत जाऊन काही बदललं, तर सुरुवातीचं पण बदलतं, कारण दोन्ही एकाच सिक्वेन्सकडे बघतायत. वेगळं हवं असेल तर प्रोजेक्ट पॅनेलमध्ये सिक्वेन्स डुप्लिकेट करून तो टाका. आणि आतली क्लिप लहान केली तरी बाहेरच्या नेस्टची लांबी तशीच राहते, शेपटाला रिकामी जागा दिसते, ती बाहेरून ट्रिम करावी लागते.

रिझॉल्व्हवाल्यांचा कंपाउंड क्लिप म्हणजे साधारण हाच प्रकार, कॉपीचा घोळही तोच. आत जायला Open in Timeline आहे, आणि नकोसा झाला तर Decompose in Place केलं की क्लिप परत सुट्या होतात. पण कंपाउंडवर बाहेरून लावलेला ग्रेड सुट्या क्लिपना मिळेलच असं धरू नका, म्हणून फोडायच्या आधी टाइमलाइन डुप्लिकेट करून ठेवा.