तेलदूषित मातीचे जैवउपचारण

तेल सांडलेल्या मातीतील हायड्रोकार्बनांचे जिवाणूंकडून विघटन करून घेण्याची पद्धत. स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर, ऱ्होडोकॉकस इत्यादी प्रजातींचे जिवाणू हे काम करतात. त्यांची विकरे ऑक्सिजनच्या साहाय्याने हायड्रोकार्बनाचे प्रथम अल्कोहोल व पुढे मेदाम्ल बनवतात; ते पेशीत अन्न म्हणून वापरले जाते. जुन्या दूषित मातीत असे जिवाणू बहुधा आधीच असतात. त्यामुळे बाहेरून कल्चर सोडण्याआधी त्यांना नेमके काय कमी पडते, ते पाहावे.

तेलात कार्बन भरपूर असतो, पण नायट्रोजन व फॉस्फरस जवळजवळ नसतात. म्हणून कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांचे १००:१०:१ हे प्रमाण प्रचलित आहे. एक टन कोरड्या मातीत २० किलो तेल असेल, तर त्यात सुमारे १७ किलो कार्बन असतो. त्याला १.७ किलो नायट्रोजन, म्हणजे सुमारे ३.७ किलो युरिया आणि १७० ग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट लागते.

हा हिशेब कागदावर बरोबर असला, तरी सगळा युरिया एकदम टाकणे घातक ठरते. खत मातीतल्या पाण्यात विरघळते आणि जिवाणूही त्याच पाण्यात राहतात. ओलावा १५ टक्के असेल तर टनभर मातीत पाणी फक्त १५० लिटर, त्यात १.७ किलो नायट्रोजन म्हणजे लिटरला ११ ग्रॅमहून अधिक. लिटरला साधारण २ ग्रॅमच्या पुढे क्षारांच्या ताणामुळे पेशींतून पाणी ओढले जाऊन त्यांचे श्वसन मंदावू लागते. म्हणून पहिला हप्ता सुमारे ६५० ग्रॅम युरियाचाच द्यावा आणि मातीतील नायट्रोजन मोजून पुढचा ठरवावा. खत दिल्यावर कार्बन डायऑक्साइड वाढण्याऐवजी घटला, विद्युतवाहकता चढली किंवा अमोनियाचा वास आला, तर मात्रा जास्त झाली असे समजावे.

खत पुरेसे असूनही हवेअभावी काम अडते. २० किलो तेलाच्या पूर्ण ज्वलनाइतक्या विघटनाला सुमारे ७० किलो ऑक्सिजन लागतो, आणि एक घनमीटर हवेत तो पाव किलोच्या आसपास असतो. त्यामुळे थर फुटभरापेक्षा जाड नसावा, माती वाफशावर ठेवून वरचेवर उलथावी. काळ्या चिकण मातीत ओल वाढली की छिद्रे बुजतात. भुसा मिसळल्याने ती मोकळी होते खरी, परंतु भुसा कुजताना तोही नायट्रोजन खातो, हे मात्रा ठरवताना धरावे लागते.

सरळ साखळीची अल्केने आधी संपतात; रेझिने व ॲस्फाल्टीने हे तेलातील जड, गुंतागुंतीचे घटक बहुतांशी तसेच उरतात. त्यामुळे तेलाचा आकडा काही काळाने स्थिरावतो, मग खत वाढवूनही उतरत नाही. शिवाय माती उलथताना हलके घटक उडून गेले, तरी आकडा घटतोच. ही घट जिवाणूंमुळे झाली का, हे पाहण्यासाठी तेलातीलच हेप्टाडेकेन हे सरळ साखळीचे अल्केन व प्रिस्टेन यांचे गुणोत्तर मोजतात. दोघांची बाष्पशीलता जवळपास सारखी, पण शाखायुक्त प्रिस्टेन जिवाणूंना पचायला कठीण. त्यामुळे गुणोत्तर उतरले तरच विघटन चालू आहे असे म्हणता येते.