पार्श्वभूमी : आतच अडकलेली पाळी आणि ‘पडदा’ या शब्दाचा घोळ

वयात आलेल्या मुलीच्या ओटीपोटात दर महिन्याला तीन-चार दिवस कळा येतात, मग थांबतात, आणि पाळी मात्र अजून आलेली नसते. अशा वेळी पुष्कळदा पाळी सुरू झालेली असते, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. रक्त योनीत साचत राहतं. त्यासाठी ‘क्रिप्टोमेनोरिया’, म्हणजे लपलेली पाळी, असा नेमका शब्द जुना आहे. पण व्यवहारात या मुली ‘पाळी न येणे’ या मोठ्या सदरातच ढकलल्या गेल्या. त्या सदराला वयाची अट होती: सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत वाट पाहायची. पुढे ती पंधरावर आली. तेराव्या वर्षी कळा सोसणारी मुलगी या अटीत बसत नव्हती, आणि ‘अजून लहान आहे, येईल’ हे उत्तर घेऊन घरी परतत होती. ही अट दुखणं नसलेल्या मुलींसाठी होती, हे कुणी फारसं ठळकपणे सांगितलं नाही.

यावरची शस्त्रक्रिया मात्र फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या एका रोमन ग्रंथकाराने योनीची वाट अडवणाऱ्या बंद पडद्यावर फुलीसारख्या दोन छेदांची कृती लिहून ठेवली आहे, आणि मूत्रमार्गाला जपा असंही बजावलं आहे. फुलीचा छेद आजही वापरात आहे. मधल्या काळातली भीती वेगळी होती. पडदा उघडला की रक्त वाहून जाई, पण नंतर जंतुसंसर्ग होऊन मुली दगावत. त्यामुळे एकदम उघडावं की बारीक छिद्रातून हळूहळू रिकामं करावं, असा वाद एकोणिसाव्या शतकात चालला. निर्जंतुक शस्त्रक्रिया रुळल्यावर तो निकालात निघाला. बारीक छिद्र हाच वाईट पर्याय ठरला. साचलेलं रक्त काळपट आणि डांबरासारखं घट्ट असतं, ते सुईतून पुरतं निघत नाही, आणि सुईच्या वाटेने आत गेलेल्या जंतूंना त्यात आयती जागा मिळते. पू झाला की साधी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. तरीही ‘आधी सुईने थोडं काढून बघू’ हा मोह अजून सुटलेला नाही.

खरा घोळ आहे तो ‘पडदा’ या शब्दात. योनीच्या तोंडाशी असलेलं योनिपटल बंद राहिलं तरी लोक त्याला पडदा म्हणतात, आणि योनीत वर कुठेतरी आडवी भिंत राहिली तरी पडदाच. जन्माआधी योनीचा वरचा भाग एका स्रोतातून आणि खालचा दुसऱ्यातून बनतो, असं साधारणपणे मानलं जातं. तपशिलांवर अजून वाद आहे. दोन भागांच्या सांध्यातली वाट मोकळी झाली नाही की आडवी भिंत राहते. योनिपटलाचं छिद्र मात्र अगदी तोंडाशी, जन्माच्या सुमारास पडायचं असतं. म्हणजे दोन्हींची जागा वेगळी, ऊतक वेगळं, आणि त्यामुळे इलाजही वेगळा. बंद योनिपटल त्यामानाने बरंच आढळतं. आडवी भिंत दुर्मीळ आहे.

गर्भाशय आणि योनीच्या जन्मजात दोषांच्या वर्गीकरणांनी यात मदत केली असं म्हणवत नाही. १९८८ साली अमेरिकेत आलेल्या वर्गीकरणाचे सात गट मुख्यतः गर्भाशयाच्या आकारावर बेतलेले होते, त्यात आडव्या भिंतीला स्वतःचा गट नव्हता. २०१३ च्या युरोपीय वर्गीकरणाने योनीसाठी वेगळी अक्षरं दिली, हे चांगलं झालं. पण त्यातल्या ‘व्ही-३’ या एकाच खान्यात आडवी भिंत आणि बंद योनिपटल दोन्ही कोंबली. कागदावर दोन्ही ‘आडवा अडथळा’ हे खरं. टेबलावर मात्र एक पंधरा मिनिटांचं काम आहे आणि दुसरं कित्येक महिन्यांच्या तयारीचं. २०२१ च्या अमेरिकी वर्गीकरणात आडव्या भिंतीला वेगळा गट मिळाला.

फरक कसा पडतो, ते एका नेहमीच्या चित्रातून दिसतं. मुलगी तेरा वर्षांची, स्तनांची वाढ व्यवस्थित, पाच महिन्यांपासून महिन्याच्या अंतराने कळा. यावेळी लघवीच तुंबली म्हणून आणलेली. फुगलेली योनी पुढच्या मूत्रमार्गावर दाब देते, म्हणून तुंबते. लघवी नळीने काढली, तरी ओटीपोटातला गोळा तसाच राहिला. आता योनीच्या तोंडाशी नीट पाहायचं. निळसर, ताणलेलं पटल बाहेर फुगून आलेलं असेल आणि खोकल्यावर आणखी पुढे येत असेल, तर ते बंद योनिपटल. भूल देऊन पटल उघडायचं, जादा कडा काढायच्या, रक्त स्वतःहून वाहू द्यायचं. गर्भाशय दाबून रिकामं करायला जायचं नाही.

पण समजा योनिपटल नेहमीसारखं आहे, त्यात छिद्र आहे, कापसाची काडी दोन-तीन सेंटिमीटर आत जाऊन अडते, आणि बाहेर फुगवटा नाही. सोनोग्राफीत मात्र वर रक्ताने भरलेली योनी दिसते. इथे सुरी उचलायची नाही. एमआरआय करून भिंत किती जाड आहे, तोंडापासून किती वर आहे आणि गर्भाशयमुख आहे का, एवढं आधी कळलं पाहिजे. गर्भाशयमुखच नसेल तर रक्त योनीत न साचता गर्भाशयातच राहतं, आणि तो तिसराच आजार आहे. एक सेंटिमीटरपेक्षा पातळ, खालची भिंत बहुतेकदा खालूनच कापून दोन्ही कडा जोडता येतात. जाड किंवा वरची भिंत काढल्यावर कडांमध्ये अंतर उरतं, जोडणी ताणली जाते आणि जखम आकसून योनी अरुंद होते. १९६७ साली या कामासाठी झेड आकाराच्या छेदांची पद्धत मांडली गेली, ती हे आकसणं टाळण्यासाठी.

इथून पुढचा निर्णय मात्र वादाचाच आहे. एका बाजूचं म्हणणं, रक्त साचू द्यावं. फुगलेली योनी खाली सरकते, भिंत पातळ होते, जोडायला ऊतक मिळतं. दुसऱ्या बाजूचं, दर महिन्याला रक्त उलटं बीजनलिकांमधून पोटात जातं, एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याची, शक्यता वाढते, आणि मुलीने कळा का सोसाव्यात? गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने पाळी थांबवून ठेवावी, शस्त्रक्रिया सवडीने करावी. मला दुसरी बाजू जड वाटते, आणि त्याचं कारण शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत आहे. वाट आकसू नये म्हणून मुलीला रोज डायलेटर, म्हणजे योनीत घालून वाट रुंद ठेवणारी गुळगुळीत कांडी, वापरावा लागतो. तेराव्या वर्षी, घाबरलेल्या मुलीकडून ते होत नाही. मग दुसरी शस्त्रक्रिया, आकसलेल्या ऊतकावर. पाळी थांबवून मिळालेली दोन वर्षं सर्जनपेक्षा तिच्या जास्त कामी येतात.

मराठीत आणखी एक गाठ आहे. योनिपटलाला ‘कौमार्यपटल’ म्हणायची सवय असल्याने, ‘ते कापणार’ म्हटलं की घरचे दचकतात. त्याचा परिणाम म्हणून पटल मधोमध छोटं उघडून कडा राखण्याच्या पद्धतीही पुढे आल्या. त्यांत उघडलेलं छिद्र पुन्हा बुजण्याचा धोका असतो, म्हणून काही दिवस त्यात नळी ठेवतात. मूळ भीती शब्दाची आहे, पटलाची नाही. पण नळी मुलीलाच ठेवावी लागते.