ओतकाम कोणाकडून घ्यायचे, हे आम्ही कसे ठरवतो

कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पंपाच्या बॉडी, बेअरिंग हाउसिंग आणि कपलिंग तयार होतात. कुळागरातल्या पंपांपासून बार्जवरच्या पंपांपर्यंत अनेकांचे काम इथून जाते. आमच्याकडे ओतशाळा नाही. बिडाचे कास्टिंग आम्ही घाटापलीकडच्या दोन फाउंड्रींकडून मागवतो, एक बेळगावची आणि एक कोल्हापूरची. "दुसरीकडे किलोमागे चार रुपये स्वस्त मिळते, मग तिथूनच का घेत नाही?" असे बरेच ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण तो फरक शेवटी तुमच्याच बिलात उतरतो. म्हणून आमचा हिशेब इथे मांडत आहोत. उदाहरणातले आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत आणि फाउंड्रींना नुसते अ आणि ब म्हटले आहे.

प्रत्येक फाउंड्रीचे आमच्याकडे एक गुणपत्रक असते. माल आला की चलनावरची तारीख आणि नग त्यात चढतात. गुण तीन गोष्टींना मिळतात. शंभरातला दर्जाचा वाटा ५०, वेळेवर माल देण्याचा ३० आणि भावाचा २०. भाव म्हणजे कुंडईच्या गेटपर्यंतचा, भाडे धरून. फाउंड्रीच्या दारातला भाव आम्ही बघतच नाही.

इथपर्यंत सोपे वाटते, पण आमची पहिली चूक इथेच झाली. दर्जाचे गुण म्हणून आम्ही पास झालेल्या नगांची टक्केवारी जशीच्या तशी लिहायचो. अ कडून १०० कास्टिंग आले आणि ५ बाद झाले, तर ९५ गुण. ब चे १ बाद झाले, तर ९९. अ चा भाव किलोला १०० रुपये, ब चा १०४, म्हणून भावाचे गुण १०० आणि ९६. अ चा माल वेळेवर आला, त्याला १००. ब चा एक दिवस उशिरा आला, त्याला ९०. वाटे लावून बेरीज केली की अ ला ९७.५ आणि ब ला ९५.७ मिळायचे, आणि ऑर्डर अ कडे जायची. मशीनवरची मुले मात्र रोज सांगत होती की अ चा माल त्रास देतो.

दर्जाला निम्मा वाटा देऊनही त्याचे वजन का पडत नव्हते? कारण ९५ आणि ९९ यांत अंतरच चार गुणांचे. बाद नग पाचपट, आणि बेरजेत फरक फक्त दोन गुणांचा. उशिराच्या एका दिवसाने मात्र तीन गुण जात होते. वाटा कागदावर मोठा असला तरी ज्या गोष्टीचे गुण जास्त पसरतात, तीच निकाल ठरवते.

म्हणून आम्ही पट्टी बदलली. बाद मालाच्या दर एका टक्क्याला दर्जाचे ५ गुण कापतो. सर्वांत स्वस्त भावापेक्षा दर एक टक्का महाग असेल तर भावाचे ५ गुण कापतो. उशिराच्या दर दिवसाला पूर्वीप्रमाणेच १०. आता अ ला दर्जाचे ७५ आणि ब ला ९५. भावात अ ला १००, ब ला ८०. बेरीज अ ची ८७.५, ब ची ९०.५.

ही पट्टी मनाला येईल तशी आखलेली नाही. कास्टिंग दहा किलोचे धरले तर अ कडून घेताना नगामागे ४० रुपये वाचतात, शंभर नगांमागे ४,००० रुपये. पण बिडातली पोकळी वरून दिसत नाही. लेथवरचे काम उरकून बोअरिंगचा शेवटचा कट चालू असताना ब्लो होल उघडा पडतो. तोवर मशीनचे चार तास गेलेले असतात. तासाचे ५०० रुपये धरले तर एका बाद नगामागे २,००० रुपये बुडतात. फाउंड्री कास्टिंग बदलून देते, पण ते तास भरून देत नाही. अ चे चार नग जास्त बाद झाले म्हणजे ८,००० रुपये. वाचले त्याच्या दुप्पट गेले. शिवाय बदली कास्टिंग येईपर्यंत तुमचा पंप उघडा पडून राहतो. तो खोळंबा रुपयांत मांडता येत नाही, म्हणून दर्जाला या हिशेबापेक्षा थोडे झुकते माप दिले आहे.

दुसरा प्रश्न काळाचा. वर्षभराची सरासरी काढली तर बिघाड फार उशिरा कळतो. समजा एका फाउंड्रीला सलग नऊ खेपांत ९२ गुण मिळाले आणि पुढच्या तीन खेपांत ८४, ८०, ७६. बाराही खेपांची सरासरी ८९ येते, म्हणजे सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात काहीतरी बिघडत चालले आहे, वाळू बदलली असेल किंवा जुना ओतारी सोडून गेला असेल. म्हणून प्रत्येक खेपेनंतर आम्ही जुन्या गुणांचे ७० टक्के आणि नव्या खेपेचे ३० टक्के घेऊन नवा आकडा काढतो. त्या तीन खेपांत ९२ चे ८९.६ होतात, मग ८६.७, मग ८३.५. आमची रेषा ८५ ची आहे. तिच्याखाली गेले की फोनवर न भागवता आम्ही बाद नग घेऊन फाउंड्रीत जातो. एखादीच खेप बिघडली तर चांगली फाउंड्री या पद्धतीत लगेच बुडत नाही, तेही महत्त्वाचे.

बेरीज कितीही चांगली असो, दर्जाचे गुण एकट्याने ६० च्या खाली गेले, म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त माल बाद झाला, तर पुढची ऑर्डर थांबते. स्वस्त भावाने ते खड्डे बुजवू द्यायचे नाहीत. मात्र लहान खेपेला हा नियम लावत नाही. चार नगांत एक बाद झाला तर तो २५ टक्के दिसतो आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. २५ नग जमेपर्यंत अशा खेपा एकत्र मोजतो.

उशीर कोणाचा, हेही प्रामाणिकपणे लिहावे लागते. ड्रॉइंग आम्ही नंतर बदलले किंवा पैसे थकवले आणि म्हणून आमचा माल मागे पडला, तर ते दिवस फाउंड्रीच्या खात्यात जात नाहीत. पावसाळ्यात चोर्ला घाटात दरड आली आणि लॉरी अडकली, तर त्याच दिवशी कळवणाऱ्याचे गुण आम्ही कापत नाही. न कळवणाऱ्याचे कापतो, कारण कळले असते तर मशीनवर दुसरे काम चढवता आले असते. चवथीच्या आठवड्यातल्या तारखा आम्ही मुळात धरतच नाही.

या गुणपत्रकात एक नोंद फक्त तुम्ही करू शकता. काही बॉडी आमच्या प्रेशर टेस्टमध्ये पास होतात आणि महिना-दोन महिन्यांनी झिरपायला लागतात. फ्लँजच्या कडेला आम्ही खेपेचा नंबर ठोकलेला असतो. गळती दिसली तर बाहेरून एम-सील लावून झाकण्याआधी तो नंबर आणि गळतीच्या जागेचा फोटो आम्हाला पाठवा. बॉडी बदलून देऊच. शिवाय तो नग जुन्या तारखेने त्याच खेपेत बाद म्हणून चढतो आणि तिथून पुढचे सगळे आकडे आम्ही पुन्हा काढतो. त्याच खेपेतल्या बॉडी आणखी कोणाकडे गेल्या आहेत, ते वहीत असते. त्यांना आम्ही स्वतःहून फोन करतो.